टक्क्यांखालचा छेद : सर्वेक्षणाची उत्तरे समितीच्या तक्त्यात मांडताना

सर्वेक्षणाच्या अहवालातील तक्ता म्हणजे शेदीडशे लोकांनी कागदावर केलेल्या खुणांचा एका पानावर आणलेला सारांश असतो. समितीचे सदस्य मूळ फॉर्म पाहत नाहीत. त्यांच्यापुढे येतो तो फक्त तक्ता, आणि त्यातही त्यांची नजर बहुधा टक्क्यांच्या स्तंभावरच जाते. टक्केवारी हा अपूर्णांक असतो. त्याचा अंश, म्हणजे किती जणांनी अमुक उत्तर दिले, सगळ्यांना दिसतो. पण छेद, म्हणजे किती जणांपैकी, हा अनेकदा तक्त्याबाहेरच राहतो. सर्वेक्षणाच्या तक्त्यांतील बहुतेक घोटाळे या छेदापाशी होतात. प्रश्नाचा प्रकार बदलला की छेदही बदलतो, म्हणून मोजणीला बसण्यापूर्वी प्रश्नांचे प्रकार वेगळे करावे लागतात.

सर्वसाधारण प्रश्नावलीत तीन प्रकारचे बंदिस्त प्रश्न असतात. पहिल्या प्रकारात अनेक पर्यायांपैकी एकच निवडायचा असतो. दुसऱ्या प्रकारात लागू असतील त्या सगळ्या पर्यायांवर खूण करायची असते. तिसऱ्यात एखाद्या सोयीला किंवा विधानाला १ ते ५ असे गुण द्यायचे असतात. कागदावर हे तिन्ही प्रश्न सारखेच दिसतात. चौकोन आणि त्यांवर खुणा. मोजताना मात्र तिघांची रीत निराळी आहे.

पुढील विवेचनासाठी तालुक्याच्या गावातील एका सार्वजनिक वाचनालयाचे काल्पनिक उदाहरण घेतले आहे. वाचनालयाचे ६०० सभासद आहेत. कार्यकारी मंडळाला पुढील वर्षाचे वेळापत्रक आणि खर्च ठरवायचा आहे, म्हणून सभासदांकडून फॉर्म भरून घेतले. एकूण १५४ फॉर्म परत आले. फॉर्मवर सभासद क्रमांक होता, त्यामुळे तिघांनी दोनदा फॉर्म भरल्याचे लक्षात आले. तिघांचा एकेक जादा फॉर्म बाजूला काढला. एक फॉर्म पूर्ण कोरा होता, तोही वगळला. उरले १५०. वगळलेल्या चार फॉर्मचा हिशेब अहवालात एका वाक्यात द्यावा लागतो, नाहीतर ‘१५४ आले असताना तक्त्यात १५० का?’ हा प्रश्न सभेत येतोच.

कच्ची नोंद

तक्ता करण्याआधी एक साधी नोंदवही तयार होते. हल्ली ती संगणकावरील शीटमध्ये असते. तिचा नियम एकच: एका व्यक्तीची एक ओळ, एका प्रश्नाचा एक स्तंभ. फॉर्मच्या कोपऱ्यात अनुक्रमांक लिहायचा आणि तोच ओळीच्या पहिल्या रकान्यात घालायचा. त्यामुळे शंका आली तर शीटवरून थेट कागदापर्यंत पोचता येते.

या नोंदीत ‘उत्तर दिले नाही’ आणि ‘उत्तर लागू नाही’ यांत फरक ठेवणे फार गरजेचे असते. ज्याने प्रश्न सोडून दिला त्याचा रकाना रिकामा राहतो. ज्याने ‘अनुभव नाही’ या चौकोनावर खूण केली त्याच्या रकान्यात ते शब्द लिहायचे. दोन्ही ठिकाणी शून्य घालण्याचा मोह होतो, कारण शून्य टंकायला सोपे असते. पण शून्य हा आकडा आहे आणि संगणक त्याला आकडाच समजतो. त्याचा परिणाम पुढे गुणांच्या प्रश्नात दिसेल.

दीडशे फॉर्म हाताने उतरवले की चुका राहतातच. त्यांचा अंदाज घेण्यासाठी दुसऱ्या माणसाने कोणतेही दहापंधरा फॉर्म उचलून शीटमधील ओळींशी ताडून पाहायचे. त्यात एखादी तुरळक चूक सापडली तर ती दुरुस्त करून पुढे जाता येते. चार-पाच सापडल्या तर सगळी नोंद पुन्हा तपासण्याला पर्याय नसतो.

एकच पर्याय निवडायचा प्रश्न

वाचनालयाचा पहिला प्रश्न होता : ‘आपल्याला कोणती वेळ सोयीची आहे?’ सकाळ, सायंकाळ, दोन्ही वेळा आणि कोणतीही चालेल, असे चार पर्याय होते. प्रत्येकाचे उत्तर एकच असल्यामुळे मोजणी सरळ आहे. शीटच्या दुसऱ्या स्तंभात उत्तरे असतील, तर एका पर्यायाची संख्या अशी निघते :

```
=COUNTIF(B2:B151,"सकाळ")
```

१५० पैकी चौघांनी हा प्रश्न सोडला होता आणि दोघांनी कागदावर दोन-दोन चौकोनांवर खुणा केल्या होत्या. त्यांतली कोणती खूण खरी हे मोजणाऱ्याने आपल्या मनाने ठरवायचे नसते. अशी उत्तरे अग्राह्य धरून अनुत्तरितांत मिळवली. म्हणजे या प्रश्नाचा छेद १४४ झाला.

| सोयीची वेळ | संख्या | टक्के |
|---|---:|---:|
| सकाळ | ४१ | २८ |
| सायंकाळ | ६६ | ४६ |
| दोन्ही वेळा | २८ | १९ |
| कोणतीही चालेल | ९ | ६ |
| एकूण उत्तरे | १४४ | १०० |
| अनुत्तरित व अग्राह्य | ६ | – |

या तक्त्यातील चार टक्के मिळवले तर बेरीज ९९ येते, १०० नाही. ही चूक नव्हे. ४५.८ चे ४६ झाले, पण २८.५ च्या किंचित खाली असलेल्याचे २८ झाले आणि १९.४ चे १९. अशा पूर्णांकांत एखादा टक्का हरवतो किंवा वाढतो. तो भरून काढण्यासाठी कुठल्या तरी ओळीत गुपचूप एक मिळवणे ही मात्र खरोखर चूक ठरते. तक्त्याखाली ‘टक्के पूर्णांकांत दिल्याने बेरजेत एखाद्या टक्क्याचा फरक पडू शकतो’ एवढी टीप पुरते.

टक्के पूर्णांकांत द्यायचे की दशांशात, हा प्रश्न उत्तरे देणाऱ्यांच्या संख्येवरून सुटतो. १४४ माणसांत एक माणूस म्हणजे सुमारे ०.७ टक्के. एका माणसाने मत बदलले तर जो आकडा अर्ध्या टक्क्याहून जास्त हलतो, तो दशांशाच्या दोन स्थळांपर्यंत लिहिण्याने अचूकता वाढत नाही, फक्त तिचा भास होतो.

अनुत्तरित सहा जणांना छेदात घेऊन १५० पैकी टक्के काढणेही चालते. काही समित्या तसेच मागतात. अट एवढीच, की एक रीत ठरवून ती सगळ्या तक्त्यांत पाळायची. एका प्रश्नाला १५० चा छेद आणि दुसऱ्याला १४४ चा, असे न सांगता केले तर दोन तक्त्यांतील टक्के एकमेकांशी ताडता येत नाहीत.

अनेक पर्यायांवर खुणा करायचा प्रश्न

दुसरा प्रश्न होता : ‘आपण कोणत्या प्रकारची पुस्तके वाचता? लागू असतील त्या सर्वांवर खूण करा.’ येथे १४७ जणांनी उत्तर दिले, पण खुणा झाल्या ३२७. आता छेद कोणता?

छेद ३२७ धरला, तर कादंबरीच्या ८८ खुणांचे २७ टक्के होतात. छेद १४७ धरला, तर ६० टक्के. दोन्ही गणिते बरोबर आहेत, पण ती वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरे आहेत. ६० टक्के सांगतात, की उत्तर देणाऱ्या दर पाच माणसांतली तीन कादंबऱ्या वाचतात. २७ टक्के सांगतात, की सगळ्या खुणांपैकी चौथाईहून थोड्या अधिक खुणा कादंबरीवर पडल्या. कार्यकारी मंडळाला पुस्तके वाचणाऱ्या माणसांचा विचार करायचा आहे, खुणांचा नाही. म्हणून समितीच्या तक्त्यात जवळजवळ नेहमी माणसांचाच छेद घ्यावा लागतो.

| वाचनाचा प्रकार | संख्या | उत्तर देणाऱ्या १४७ जणांपैकी टक्के |
|---|---:|---:|
| कादंबरी | ८८ | ६० |
| चरित्र-आत्मचरित्र | ६१ | ४१ |
| कथा | ५४ | ३७ |
| स्पर्धा परीक्षा | ४७ | ३२ |
| बालसाहित्य | ३९ | २७ |
| विज्ञानकथा | २२ | १५ |
| इतर | १६ | ११ |

या तक्त्याच्या तळाशी ‘एकूण १०० टक्के’ अशी ओळ नाही, आणि ती घालूही नये. टक्क्यांची बेरीज २२० च्या पुढे जाते, कारण एका माणसाने सरासरी दोनाहून थोड्या अधिक खुणा केल्या आहेत. वाचणाऱ्याचा गोंधळ होऊ नये म्हणून ‘एकाहून अधिक पर्याय निवडण्याची मुभा असल्याने टक्क्यांची बेरीज १०० होत नाही’ ही टीप तक्त्याला चिकटूनच द्यायची. याच कारणाने अशा प्रश्नाचा वर्तुळाकृती आलेख काढणेही चुकीचे आहे. वर्तुळाच्या फाकी मिळून एक पूर्ण होते, आणि येथे तसे पूर्ण काही नाही. आडव्या पट्ट्यांचा आलेख येथे योग्य ठरतो.

संगणकावर मोजताना या प्रश्नात एक खास सापळा असतो. गूगल फॉर्म्ससारख्या साधनात अशा प्रश्नाची सगळी उत्तरे एकाच रकान्यात, स्वल्पविराम देऊन साठवली जातात : ‘कादंबरी, कथा, बालसाहित्य’. या स्तंभाचा थेट सारांश मागितला, तर संगणक प्रत्येक जोडणीला स्वतंत्र उत्तर समजतो. सात पर्यायांच्या १२७ जोडण्या होऊ शकतात. त्यामुळे एकेका माणसाच्या कितीतरी ओळींचा, निरुपयोगी तक्ता हाती येतो. मग मोजणारा ‘ज्या रकान्यात कथा हा शब्द आहे ते मोज’ असे सूत्र लिहितो :

```
=COUNTIF(C2:C151,"*कथा*")
```

उत्तर येते ६२, आणि ते चुकीचे असते. ‘विज्ञानकथा’ या शब्दातही ‘कथा’ आहे. त्यामुळे फक्त विज्ञानकथेवर खूण करणारे आठ जण कथेच्या वाचकांत घुसतात. खरी संख्या ५४ आहे. ६२ हा आकडा पाहून कोणालाही संशय येत नाही, म्हणूनच ही चूक अहवालापर्यंत पोचते. पर्यायाच्या दोन्ही बाजूंचा स्वल्पविराम शोधात धरला की ती टळते :

```
=SUMPRODUCT(--ISNUMBER(SEARCH(", कथा,",", "&C2:C151&",")))
```

हे सूत्र प्रत्येक रकान्यातील मजकुराच्या आधी व शेवटी स्वल्पविराम जोडते आणि मग पूर्ण शब्दच शोधते. पर्यायाच्या नावातच स्वल्पविराम असेल, उदाहरणार्थ ‘चरित्र, आत्मचरित्र’, तर मात्र उत्तरांचे तुकडे करताना एका पर्यायाचे दोन होतात. म्हणून प्रश्नावली तयार करतानाच पर्यायांच्या नावांत स्वल्पविराम टाळून जोडरेघ वापरायची.

कागदी फॉर्म उतरवताना याहून सोपा मार्ग असतो : प्रत्येक पर्यायाला स्वतःचा स्तंभ द्यायचा, खूण असेल तर १ आणि नसेल तर ० लिहायचे. मग स्तंभाची बेरीज हीच त्या पर्यायाची संख्या. येथे ० लिहिणे योग्य आहे, कारण त्याचा अर्थ ‘हा प्रकार वाचत नाही’ असा ठरलेला आहे. ज्याने संपूर्ण प्रश्नच सोडला त्याचे सातही रकाने मात्र रिकामे ठेवायचे.

‘इतर’ या पर्यायापुढे लोक काहीबाही लिहितात आणि त्यातले बरेचसे दिलेल्या पर्यायांतच बसणारे असते. या उदाहरणात ‘इतर’मध्ये सुरुवातीला २१ नोंदी होत्या. पाच जणांनी ‘ऐतिहासिक कादंबरी’, ‘संतांची चरित्रे’ असे लिहिले होते. त्यांची खूण मूळ पर्यायात नेली. ज्याने त्या पर्यायावर आधीच खूण केली होती त्याची मोजणी दुसऱ्यांदा केली नाही. उरलेल्या १६ नोंदी तक्त्यात गेल्या. हे काम मोजणीच्या आधी करायचे असते. नंतर केले तर सगळे आकडे पुन्हा काढावे लागतात.

गुणांचा प्रश्न

तिसऱ्या प्रश्नात चार सोयींना गुण द्यायचे होते : १ म्हणजे अगदी असमाधानी, ५ म्हणजे अगदी समाधानी, आणि बाजूला ‘अनुभव नाही’ हा चौकोन. मते अशा पायऱ्यांवर मोजण्याची पद्धत अमेरिकी मानसशास्त्रज्ञ रेन्सिस लिकर्ट यांनी १९३२ मध्ये मांडली, म्हणून तिला त्यांचे नाव मिळाले आहे. लिकर्ट यांनी एकाच विषयावरच्या अनेक विधानांचे गुण मिळवून माणसाचा एकूण कल काढला होता. समित्यांच्या प्रश्नावल्यांत मात्र प्रत्येक सोयीचा एकच प्रश्न असतो आणि त्याच्या गुणांची सरासरी काढली जाते. इथे जरा थांबायला हवे.

१९४६ मध्ये एस. एस. स्टीव्हन्स यांनी मोजमापांचे चार प्रकार सांगितले. त्यांपैकी एकात फक्त क्रम असतो, अंतर नसते. समाधानाचे गुण या प्रकारात मोडतात. ४ हे ३ पेक्षा अधिक समाधान दाखवते हे नक्की; पण ३ ते ४ मधले अंतर ४ ते ५ मधल्या अंतराइतकेच आहे, असे कोणी मोजलेले नसते. सरासरी काढताना मात्र ही अंतरे समान धरली जातात. व्यवहारात सरासरी सर्रास दिली जाते आणि ढोबळ तुलनेला ती उपयोगीही पडते. खरी अडचण पुढे आहे : ती गुण कसे विखुरले आहेत हे लपवते.

वाचनालयाच्या फॉर्मांतील दोन सोयी शेजारी ठेवल्या की हे दिसते. ‘नवी पुस्तके’ या सोयीला ५ गुण देणारे १२ जण, ४ देणारे ३८, ३ देणारे ४७, २ देणारे ३३ आणि १ देणारे १४ होते. एकूण १४४ जण, सरासरी ३.०. ‘अभ्यासिका’ या सोयीला अनुक्रमे २७, १४, ९, १९ आणि २६ जणांनी गुण दिले. एकूण ९५ जण, सरासरी तीच, ३.०. सगळे गुण चढत्या क्रमाने लावून मधला गुण, म्हणजे मध्यक, पाहिला तरी दोन्हींचा ३ च येतो. पण पहिल्या सोयीबद्दल बहुतेकांचे मत मधल्या पायऱ्यांवर आहे, तर अभ्यासिकेबद्दल लोक दोन टोकांना उभे आहेत. मधला गुण फक्त नऊ जणांनी दिला आहे. फक्त सरासरी दिली तर दोन्ही सोयी मंडळाला ‘ठीकठाक’ वाटतील, आणि अभ्यासिकेवरून सभासदांत पडलेली फूट कोणाच्या लक्षातच येणार नाही.

म्हणून गुणांच्या तक्त्यात पाच पायऱ्यांचे तीन गट करून त्यांचे टक्के द्यायचे आणि सरासरी शेवटच्या स्तंभात, दुय्यम म्हणून ठेवायची. ४ आणि ५ मिळून समाधानी, ३ मध्यम, १ आणि २ मिळून असमाधानी. पाचही पायऱ्यांचे स्तंभ दिले तर तक्ता इतका रुंद होतो की समिती तो वाचत नाही. तपशीलवार तक्ता परिशिष्टात जाऊ शकतो.

| सोय | गुण देणारे | समाधानी % | मध्यम % | असमाधानी % | सरासरी | अनुभव नाही | अनुत्तरित |
|---|---:|---:|---:|---:|---:|---:|---:|
| कर्मचाऱ्यांचे सहकार्य | १४६ | ८२ | १३ | ५ | ४.१ | १ | ३ |
| स्वच्छता | १४७ | ७१ | १८ | ११ | ३.८ | ० | ३ |
| अभ्यासिका | ९५ | ४३ | ९ | ४७ | ३.० | ५२ | ३ |
| नवी पुस्तके | १४४ | ३५ | ३३ | ३३ | ३.० | २ | ४ |

ओळींचा क्रम प्रश्नावलीतला नाही. समाधानी टक्क्यांच्या उतरत्या क्रमाने सोयी लावल्या आहेत. त्यामुळे काय बरे चालले आहे आणि कशाकडे लक्ष द्यायला हवे, हे वरून खाली वाचतानाच कळते. पहिल्या प्रश्नाच्या पर्यायांना मात्र असा क्रम लावलेला नाही, कारण सकाळ-सायंकाळ यांना स्वतःचा क्रम आहे. वयोगट किंवा उत्पन्नगट यांचेही तसेच. ‘इतर’ नेहमी तळाशी, त्याची संख्या कितीही असो.

प्रत्येक ओळीत ‘गुण देणारे’ हा स्तंभ का हवा, हे अभ्यासिकेच्या ओळीवरून स्पष्ट होते. तिच्याबद्दल ५२ जणांनी ‘अनुभव नाही’ असे सांगितले. ते अभ्यासिकेत कधी बसलेच नाहीत. नोंद करताना या ५२ जणांच्या रकान्यांत शून्य लिहिले असते, तर सरासरी ३.० वरून १.९ वर घसरली असती, आणि चारांत सर्वांत वाईट सोय म्हणून अभ्यासिका मंडळापुढे गेली असती. AVERAGE हे सूत्र निवडलेल्या रकान्यांतील रिकाम्या जागा आणि शब्द सोडून देते, शून्य सोडत नाही. त्या गुणाने ‘अगदी असमाधानी’च्याही खालची, फॉर्मवर नसलेली पायरी तयार होते.

गुणांच्या प्रश्नात आणखी एक घोटाळा आपल्याकडे हटकून होतो. ‘पहिला नंबर’ म्हणजे सर्वांत चांगला, ही समजूत शाळेपासून मुरलेली असते. त्यामुळे फॉर्मवर ५ म्हणजे उत्तम असे छापलेले असूनही काही जण खूश होऊन १ वर खूण करतात. हे ओळखण्याची खूण म्हणजे सगळीकडे १ गुण आणि शेवटच्या मोकळ्या जागेत मात्र ‘कर्मचारी फार मदत करतात’ असे कौतुक. असे फॉर्म सापडले तर मोजणाऱ्याने आपल्याच अधिकारात गुण उलटे फिरवू नयेत. सभासद क्रमांकावरून विचारून घेता आले तर उत्तम. नाहीतर ते गुण अनुत्तरितांत धरून, असे किती फॉर्म होते ते टिपेत लिहायचे. पुढच्या खेपेला आकड्यांऐवजी ‘अगदी समाधानी’, ‘समाधानी’ असे शब्दच चौकोनांपुढे छापले की हा प्रश्न उरत नाही.

गट पाडून पाहणे

अभ्यासिकेबद्दल मते दोन टोकांना गेली आहेत हे कळल्यावर, कोण कुठल्या टोकाला आहे हे पाहणे ओघानेच येते. फॉर्मवर ‘विद्यार्थी’ हा चौकोन होता. त्यावरून गुण देणाऱ्या ९५ जणांचे दोन गट पाडले.

| अभ्यासिकेबद्दल मत | गुण देणारे | समाधानी % | मध्यम % | असमाधानी % |
|---|---:|---:|---:|---:|
| विद्यार्थी | ४१ | १५ | ७ | ७८ |
| इतर सभासद | ५४ | ६५ | ११ | २४ |

रोज तासन्‌तास बसणारे विद्यार्थी नाराज आहेत. इतर सभासदांत समाधानी अधिक आहेत. या तक्त्यात टक्के आडव्या ओळीने १०० होतात, कारण छेद त्या त्या गटाचा आहे. उभ्या स्तंभाने काढले असते तर ‘असमाधानी ४५ जणांपैकी ७१ टक्के विद्यार्थी’ असे वाक्य मिळाले असते. तेही खरे, पण त्यातून विद्यार्थ्यांपैकी किती जण असमाधानी आहेत ते कळत नाही. ज्या गटाबद्दल बोलायचे आहे तो छेदात हवा.

गट पाडताना छेद भराभर लहान होतो. ४१ जणांत एक माणूस म्हणजे सुमारे अडीच टक्के. आणखी खोल जाऊन ‘सकाळी येणाऱ्या विद्यार्थिनी’ असा गट पाडला आणि तो नऊ जणींचा निघाला, तर ‘६७ टक्के’ लिहिण्यापेक्षा ‘नऊपैकी सहा’ लिहिणे प्रामाणिक ठरते. गट तिसाच्या खाली गेला की टक्के न देता संख्याच द्यायची, हा कामचलाऊ नियम पुरतो. फार लहान गटात आणखी एक धोका असतो : छोट्या गावात ‘निवृत्त शिक्षक, दोन’ एवढ्यावरून माणसे ओळखू येतात. फॉर्म भरून घेताना गुप्ततेचे आश्वासन दिले असेल तर अशा ओळी मोठ्या गटात मिळवायच्या.

ताळा

तक्ता पूर्ण झाला की ताळा पाहायचा. गुणांच्या तक्त्यातील प्रत्येक ओळीत गुण देणारे, ‘अनुभव नाही’ आणि अनुत्तरित यांची बेरीज १५० यायला हवी : अभ्यासिकेसाठी ९५, ५२ आणि ३. पहिल्या प्रश्नात १४४ आणि ६. गट पाडलेल्या तक्त्यात ४१ आणि ५४ मिळून ९५. अनेक पर्यायांच्या प्रश्नात बेरजेचा ताळा लागत नाही, पण दोन गोष्टी तपासता येतात. कोणत्याही पर्यायाची संख्या उत्तर देणाऱ्यांच्या संख्येपेक्षा जास्त असू शकत नाही, आणि खुणांची एकूण संख्या तिच्यापेक्षा कमी असू शकत नाही. एखाद्या ओळीची बेरीज १४९ किंवा १५१ आली तर बहुधा कुठेतरी ६ सारखा अशक्य गुण टंकला गेलेला असतो, किंवा सूत्राची ओळ एक रकाना वर-खाली सरकलेली असते.

तक्त्याशेजारचा मजकूर

प्रत्येक तक्त्याच्या डोक्यावर फॉर्ममधला प्रश्न जसाच्या तसा लिहायचा. ‘आपल्याला कोणती वेळ सोयीची आहे?’ याचे ‘सभासदांची वेळ वाढवण्याची मागणी’ असे शीर्षक झाले, तर तक्ता कोणी न विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर देऊ लागतो.

तक्त्याखालच्या वाक्यांतही छेद सांभाळावा लागतो. ‘वाचनालयाचे ६० टक्के सभासद कादंबऱ्या वाचतात’ हे वाक्य या सर्वेक्षणातून निघत नाही. ६०० सभासदांपैकी १५० जणांचे, म्हणजे चौथ्या हिश्शाचे फॉर्म हिशेबात आले. ते चिठ्ठ्या टाकून निवडलेले नव्हते. ज्यांना सवड होती, जे वाचनालयात नेहमी येतात, ज्यांची काही तक्रार होती, त्यांनी फॉर्म भरले. जो सभासद वर्षभर फिरकलाच नाही त्याचे मत या तक्त्यात नाही, आणि तो का फिरकला नाही हे कदाचित मंडळाला सर्वांत आधी कळायला हवे होते. म्हणून वाक्य ‘उत्तर देणाऱ्यांपैकी ६० टक्के’ असेच राहते. चिठ्ठ्या टाकून नमुना निवडलेला नसताना ‘अमुक टक्के कमीजास्त’ अशी चूकमर्यादा जोडणेही बरोबर नाही. ते गणित यदृच्छेने निवडलेल्या नमुन्यासाठी आहे.

अहवालाच्या पानावर तक्त्यांच्या आधी चार ओळींची नोंद येते : फॉर्म कोणत्या तारखांदरम्यान घेतले, किती सभासदांना दिले, किती परत आले, किती व का वगळले. तक्त्यांनंतर टिपा येतात : टक्के कशापैकी आहेत, बेरीज १०० का नाही, गुणांचे गट कसे केले. त्या नोंदी आणि टिपा जागेवर असतील, तर सभेत कोणीही हात वर करून ‘हे टक्के कुणापैकी?’ असे विचारले, तरी उत्तर त्याच पानावर सापडते.